सर्वांस सप्रेम उत्तर

२०१२ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फी-खात्याने विद्यार्थ्यांना एक मेल पाठवली. अमेरिकेत विद्यार्थ्यांना दरवर्षी १०९८-टी नावाचा, करासंबंधीचा एक फॉर्म मिळतो. तो यापुढे कागदावर न घेता संगणकावरच घ्यावा, असं त्या मेलमध्ये सुचवलं होतं. दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलाला ती वाचून प्रश्न पडला, आणि त्या वयात करांसारख्या विषयावर जिचा शब्द अखेरचा असतो, तिलाच विचारावं असं त्याने ठरवलं. मेल आईकडे धाडायची म्हणून त्याने वर एक ओळ लिहिली, 'मी हे करावं असं तुला वाटतं का?', आणि बटण दाबलं. बटण शेजारचं होतं. त्यामुळे एका मुलाने आईला विचारलेला प्रश्न ३९,९७९ जणांच्या हाती पडला.

ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हापासून मला त्या आईचं राहून राहून कुतूहल वाटतं. चाळीस हजार परक्या माणसांना कळलं की तिच्या मुलाला फॉर्मविषयी काही विचारायचंय. कळलं नाही ते तिला एकटीला. त्यातल्या काही परक्यांनी तिच्या वतीने उत्तरं द्यायलाही मागेपुढे पाहिलं नसणार. पण त्याहून मोठा शोध त्या संध्याकाळी विद्यापीठाला लागला, तो असा की ही यादी उघडी आहे. म्हणजे ज्याला वाटेल त्याने लिहावं आणि ते सगळ्यांनी वाचावं. एवढा श्रोतृवर्ग लाभावा म्हणून पुढारी आयुष्य वेचतात. इथे तो वसतिगृहातल्या पलंगावर लोळता लोळता मिळाला होता. मग त्या तरुण मंडळींनी काय केलं? एकाने विचारलं, कुणाकडे पेन्सिल मिळेल का. कुणी निकोलस केज या नटाची छायाचित्रं पाठवली. कुणी एक जुना तात्त्विक पेच टाकला: घोड्याएवढ्या एका बदकाशी लढाल, की बदकाएवढ्या शंभर घोड्यांशी? क्रांतीची हाक कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही. अख्खं विद्यापीठ कान देऊन बसलेलं असताना माणसाला पेन्सिल मागावीशी वाटते, यात मला मनुष्यजातीविषयी दिलासा देणारं काहीतरी दिसतं.

कार्यालयांतून या प्रकाराला 'रिप्लाय-ऑल स्टॉर्म' म्हणतात. वादळ म्हणण्याइतकं त्यात खरोखरच काही असतं, कारण सुरुवात अगदी झुळकेने होते. मूळ कारण इतकं साधं आहे की ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो. मोठी यादी पत्त्याच्या रकान्यात एका नावासारखी दिसते. 'ऑल स्टाफ' असं एखाद्या गृहस्थाचं नाव असावं तसे ते दोन शब्द तिथे निमूट बसलेले असतात. त्यांच्यामागे वीस हजार माणसं उभी आहेत, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. यादी उलगडते ती सर्व्हरवर, मेल निघून गेल्यानंतर. समोर एक नाव दिसतं, म्हणून माणूस एकालाच बोलल्यासारखं बोलतो. वीस हजार चेहरे एकदम समोर उभे राहिले असते, तर आपल्यापैकी बहुतेकांना तोंडातून शब्द फुटला नसता. निदान पेन्सिल तरी मागवली नसती.

मी ज्या कंपनीत बरीच वर्षं होतो तिचं मुख्य कार्यालय अमेरिकेत, आणि आम्ही हिंजवडीत. तिथलं एक वादळ मला चांगलं आठवतं. टेक्सासमधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं कॉफीचं यंत्र बिघडलं होतं, आणि तिथल्या व्यवस्थापकांनी ही बातमी त्या मजल्यावरच्या माणसांऐवजी जगभरच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना कळवली. ती इमारत आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. तरी ते यंत्र बंद आहे हे कळल्यावर क्षणभर वाईट वाटलंच. पहिलं उत्तर आयर्लंडहून आलं, अतिशय सभ्य: 'ही मेल माझ्यासाठी नसावी असं वाटतं.' ते उत्तर सगळ्यांना आलं. त्यानंतर कुणीतरी लिहिलं, 'कृपया मला या यादीतून काढावं.' आणि इथे वादळाचा खरा जन्म झाला.

कारण 'मला काढा' हे वाक्य फार संसर्गजन्य आहे. ते वाचेपर्यंत आपण कुठल्या यादीत आहोत याची शुद्धही नसलेल्या माणसाला एकाएकी त्या यादीत राहणं असह्य होतं. 'मलाही', 'मला पण', 'आणि मला' अशी उत्तरं येऊ लागतात. आता यातली गंमत अशी, की ज्या वीस हजार जणांना ही विनंती केली जाते, त्यातल्या जवळपास कुणाच्याच हातात दुसऱ्याला यादीतून काढणं नसतं. ते काम यादीच्या मालकाचं किंवा मेलखात्याचं. म्हणजे ही अशा लोकांकडे केलेली याचना असते, जे स्वतःच तीच याचना करताहेत.

मग येतात जाणकार. 'कृपया सर्वांना उत्तर देऊ नका,' असं सर्वांना कळवणारे. त्यांची अक्षरं ठळक असतात, कधी लाल. त्यांच्यानंतर येतात जाणकारांचेही जाणकार, जे मुद्दे घालून समजावतात की प्रत्येक उत्तरागणिक वीस हजार प्रती निघतात. तेही वीस हजार प्रतींत. वादळ कुणी वाढवलं याचा हिशेब मांडायला बसलं, तर माझ्या मते सर्वांत मोठा वाटा या सदिच्छावंतांचा निघेल. खोडकर पोरं चार विनोद करून दमतात. सुधारक दमत नाही. आणि या प्रत्येक मेलच्या तळाशी स्वाक्षरीबरोबर कंपनीचं रंगीत बोधचिन्ह असतं, त्याखाली हिरव्या अक्षरांत एक ओळ असते: छापण्यापूर्वी पर्यावरणाचा विचार करा. ती ओळ त्या दिवशी माझ्याकडे शेकड्यांनी आली. मधेच एका भल्या माणसाने नुसतं 'अभिनंदन!' एवढंच लिहिलं होतं. इतक्या मेली येताहेत म्हणजे कुणाला तरी बढती मिळाली असणार, असा त्याचा समज झाला असावा. आमच्या पुण्याच्या एकाने वाकडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने देणे आहे हे कळवलं. त्याला तिघांनी सर्वांसमक्ष डिपॉझिट विचारलं.

असं वादळ काही तासांत शमेल असं वाटतं, पण पृथ्वी गोल असल्यामुळे तसं होत नाही. पेठेत मध्यरात्री एखादं कुत्रं भुंकतं. का, ते त्यालाच ठाऊक. गल्लीतलं दुसरं त्याला उत्तर देतं, मग पलीकडच्या गल्लीतलं. खिडकी उघडून कुणी 'हाऽड' म्हणून ओरडतं, त्याने उरलेली दोन जागी होतात. इकडे शांत झालं की भुंकणं नदीपल्याड पोचलेलं असतं, आणि तिथल्या कुत्र्यांना मूळ कारण विचारण्याची सोय नसते. आमची कॉफी तशीच फिरली. टेक्सासमध्ये लोक घरी गेले, तोवर सिडनी कामाला लागली होती, मग सिंगापूर, मग आम्ही. आणि सकाळी येणारा माणूस मेली जुन्याकडून नव्याकडे वाचत येतो. चौथी मेल वाचून त्याचा संयम सुटतो, तो उत्तर टाकतो. 'आता पुरे' ही विनंती असते एकशे ऐंशीव्या क्रमांकावर. तिथे तो पोचतो तेव्हा त्याचं उत्तर सिडनीत वाचलं जात असतं.

या विषयातलं आद्य वादळ मात्र मायक्रोसॉफ्टच्याच घरात झालं होतं. म्हणजे त्याआधीही झाली असतील, पण पुराणात नोंद याची. १४ ऑक्टोबर १९९७. कंपनीतल्या एका प्रोग्रॅमरने आपलं साधन तपासण्यासाठी काही याद्या बनवल्या होत्या. एकेका यादीत कंपनीतल्या सुमारे पाव टपालपेट्या, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास पत्ते. याद्यांना नाव दिलं होतं 'बेडलॅम', आणि पुढे क्रमांक. हे नाव ठेवणाऱ्याला भविष्य दिसत होतं की काय कोण जाणे, पण इंग्रजीत कल्लोळाला यापेक्षा नेमका शब्द नाही. त्यातल्या 'बेडलॅम डीएल३' या यादीत आपण आहोत हे कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि त्याने सगळ्या यादीला विचारलं की मी इथे का आहे, मला काढा. पुढचं आपल्याला पाठ आहे: 'मलाही'.

एक्सचेंज ही मेलची यंत्रणा बनवणाऱ्या मंडळींना त्या दिवशी स्वतःच्याच मालाची चव चाखायला मिळाली. त्यांच्यातल्या लॅरी ऑस्टरमन यांनी पुढे या प्रकाराची हकिगत लिहून ठेवली, आणि तिच्यातले आकडे या क्षेत्रात अजून आदराने सांगितले जातात: सुमारे दीड कोटी निरोप आणि १९५ गिगाबाइट मजकूर. भागाकार करून पाहा. एका निरोपाला सरासरी तेरा हजार बाइट पडतात. 'मलाही' या शब्दाला एवढी जागा लागत नाही. मजकूर असतो एका ओळीचा, पण पाकिटावर तेरा हजार पत्ते. टपाल वाहणारा प्रोग्रॅम प्रत्येक पाकिटाबरोबर ती वंशावळ वाहत होता. त्यात त्या प्रोग्रॅममध्ये एक खोट होती. इतक्या पत्त्यांचं पाकीट हाती आलं की तो कोसळायचा. मग पुन्हा उठायचा, अर्धवट राहिलेलं काम कुठलं ते पाहायचा, आणि कर्तव्यदक्षपणे तेच पाकीट पुन्हा उचलायचा. या कोसळण्या-उठण्याकडे यंत्राचा दोष म्हणून पाहणं मला जमत नाही. नोकरीत मी अशी माणसं पाहिली आहेत, आणि ती वाईट नव्हती.

सावरायला दोन दिवस लागले. त्यानंतर एक्सचेंजमध्ये एका निरोपाला किती पत्ते चालतील यावर मर्यादा घालण्याची सोय आली. आणि तगलेल्यांनी आपण बेडलॅम डीएल३ मधून वाचलो असं मिरवणारे टी-शर्ट छापून घेतले.

दीड कोटींत सगळी माणसांची उत्तरं नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. काही लोक प्रत्येक मेलला 'वाचल्याची पोच' मागण्याची खूण कायमची लावून ठेवतात. एरवी ही सवय निरुपद्रवी, जरा रजिस्टर पोस्टाच्या पिढीची. पण तेरा हजारांना उद्देशून 'मलाही' लिहिताना ती खूण लावलेली असली, तर वाचणाऱ्यांच्या पेट्यांतून तेरा हजारांपर्यंत पोचपावत्या परत निघू शकतात. तसंच रजेवर गेलेल्यांचं. 'मी १२ तारखेपर्यंत बाहेर आहे' हे आपोआप जाणारं उत्तर शहाण्या यंत्रणेत फक्त मूळ लिहिणाऱ्याला जातं, आणि एकदाच. त्यासाठी २००४ पासून आरएफसी ३८३४ हा नियमच लिहिलेला आहे. पण सगळी यंत्रं नियम वाचत नाहीत. शिवाय सभ्य यंत्रं पाळतात तेव्हाही, मोठ्या यादीला लिहिणाऱ्या त्या एका बापड्याकडे रजेवर असलेल्या शेकडो माणसांचे खुलासे येऊन पडतात. आमच्या टेक्सासच्या व्यवस्थापकांना त्या दिवशी जगातलं कोण कुठे सुट्टीवर आहे याचं जे समग्र ज्ञान झालं, ते कंपनीच्या मनुष्यबळ खात्यालाही नव्हतं.

त्यांनी मग घाबरून जे केलं, ते कुणीही करू नये म्हणून इथे सांगतो. त्यांनी मेल परत बोलावली. आउटलुकमध्ये 'रिकॉल' नावाची सोय आहे. जुन्या पद्धतीत ती कशी चालायची, तर ज्यांना पहिली मेल गेली त्या सर्वांना दुसरी एक मेल जायची, की आधीचीला परत पाठवा. म्हणजे वीस हजार निरोप आणखी. आणि प्रत्येक ठिकाणाहून ते जमलं की नाही याचा अहवाल मागवता यायचा, म्हणजे तितके परतीचे. ते बहुतेक ठिकाणी जमायचं नाही, कारण वाचली गेलेली मेल परत येत नाही. उलट ज्यांनी ती वाचली नव्हती, त्यांनी आता मुद्दाम शोधून वाचली. त्यानंतर त्यांनी सर्वांना दिलगिरी कळवली. त्या दिलगिरीला 'अहो, काही हरकत नाही' अशी प्रेमळ उत्तरं आली. सर्वांना.

आमच्याकडे मेलची यंत्रणा एक गृहस्थ सांभाळत. वयाने चाळिशीचेही नसतील, पण सगळे त्यांना काका म्हणत, कारण त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि डबा नेहमी घरचा असे. त्या सकाळी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "काका, या मेली थांबवून टाका ना."

"मेल थांबवता येत नाही हो," ते म्हणाले, "दार लावता येतं."

आणि त्यांनी ते लावून दाखवलं. दार म्हणजे यादीचा एक गुणधर्म: हिला कोण लिहू शकतो. त्यांनी तिथे जनसंपर्क खात्याचं एकच नाव घातलं. यादीचं नाव वेगळं होतं, पण ओळ साधारण अशी:

```
Set-DistributionGroup "All-Staff" -AcceptMessagesOnlyFromSendersOrMembers "Communications"
```

त्या क्षणापासून यादीला उद्देशून येणारं प्रत्येक उत्तर दारातूनच परत जाऊ लागलं, आणि ते लिहिणाऱ्या एकट्याला 'तुम्हाला परवानगी नाही' असा निरोप मिळू लागला. विषय पाहून अडवणं हा दुसरा उपाय काकांना पसंत नव्हता. लोक विषय बदलतात, म्हणाले. आणि खरंच, तोवर कॉफीच्या विषयाला कुणी 'आता बस्स' असं शीर्षक दिलं होतं, कुणी नुसती उद्गारचिन्हं.

यादी बंद झाली तरी जे निरोप आधीच उलगडून रांगेत उभे होते, ते काढावे लागतात. इथे काकांनी मला एक बारीक गोष्ट दाखवली, जिचं मला आजही कौतुक वाटतं. रांगेतून निरोप काढण्याच्या आज्ञेला शेवटी `-WithNDR $false` एवढं जोडायचं असतं. ते जोडलं नाही, तर यंत्रणा शिष्टाचार पाळते. प्रत्येक रद्द केलेल्या निरोपामागे त्याच्या लेखकाला 'तुमचा निरोप पोचवता आला नाही, क्षमस्व' अशी एक मेल पाठवते. म्हणजे पूर ओसरायला दार उघडावं आणि त्यातून दुसरा पूर यावा. यंत्रणेचा नम्रपणा काही वेळा बंद ठेवावा लागतो, असं काका म्हणाले, आणि पोळीचा घास घेतला.

दार लावण्याचा उपाय एका ठिकाणी मात्र पांगळा पडतो. आउटलुकमध्ये यादीच्या नावाशेजारी अधिकचं एक चिन्ह असतं. ते दाबलं की यादी पाठवण्याआधीच उलगडते, आणि नावाच्या जागी तिचे सगळे सभासद एकेक करून पत्त्याच्या रकान्यात येऊन बसतात. कुणी उत्सुकतेपोटी हे केलं आणि तशीच मेल पाठवली, तर पुढच्या सगळ्या उत्तरांत यादी नसतेच, हजारो सुटी माणसं असतात. मग यादीचं दार कितीही घट्ट लावा, कुणी त्या दाराने जातच नाही. वादळ कुठल्या जातीचं आहे हे ओळखायचं तर एखाद्या उत्तराचा पत्त्याचा रकाना उघडून पाहावा. तिथे एक नाव असलं तर सुटकेची आशा आहे. नावांची रांग दिसली, तर मेलखात्यातल्या माणसासाठी चहा सांगावा.

वादळावर आपोआप चालणारा उपाय पुढे मायक्रोसॉफ्टनेच काढला, बेडलॅमनंतर बावीस-तेवीस वर्षांनी, २०२० च्या मे महिन्यात. त्यांच्या ऑनलाइन मेलसेवेत यंत्रणा आता स्वतःच मोजते. सुरुवातीचा नियम होता: पाच हजारांहून अधिक माणसांना गेलेल्या एकाच संभाषणात तासाभरात दहा 'सर्वांना उत्तरं' आली, की पुढचे चार तास त्या संभाषणात सर्वांना उत्तर देता येणार नाही. पुढे हे आकडे व्यवस्थापकाच्या हाती दिले. न बदलल्यास अडीच हजार माणसं, दहा उत्तरं, सहा तास. यंत्राने माणसाच्या स्वभावाचा केलेला हा अंदाज मला पटतो. दहावं उत्तर येईपर्यंत तो योगायोग असू शकतो, त्यानंतर तो स्वभाव असतो. आणि सहा तासांत माणसाचा राग जेवून, झोपून उतरतो. अर्थात दहाव्या उत्तरापर्यंत पंचवीस हजार निरोप पोचलेलेच असतात, आणि हजाराच्या आतल्या यादीसाठी माणसांचा आकडा खाली आणता येत नाही. मध्यम आकाराची माणसं नेहमीप्रमाणे वाऱ्यावर.

आपल्यासारख्या सामान्य सभासदाने काय करावं? काहीही करू नये. हे सोपं वाटतं, पण करून पाहा. बोट शिवशिवतं. त्या बोटाला काम म्हणून आउटलुकमध्ये 'इग्नोर' आहे, कंट्रोल धरून डिलीट दाबलं की ते संभाषण आणि त्यात पुढे येणारं सगळं केराच्या टोपलीत जातं. जीमेलमध्ये 'म्यूट' आहे. कुणी विषय बदलला की मात्र संभाषण नवं धरलं जातं आणि पुन्हा दाबावं लागतं. अगदीच राहवलं नाही, तर पत्ता-पुस्तकात यादीच्या नावावर जाऊन तिचा मालक कोण ते पाहावं आणि त्याला एकट्याला लिहावं. ज्याला मुळात मोठ्या यादीला काही कळवायचंय, त्याच्यासाठी तर उपाय केव्हापासूनचा आहे: यादीचं नाव 'बीसीसी'च्या रकान्यात घालावं. मग कुणी कितीही सर्वांना उत्तर दिलं, तरी ते पाठवणाऱ्यापाशीच येऊन थांबतं. टेक्सासच्या व्यवस्थापकांनी एवढं केलं असतं, तर कॉफीचं यंत्र आज कुणाला आठवलं नसतं, आणि वाकडचा तो फ्लॅट इतक्या लवकर गेला नसता.

दोष मात्र मी त्यांना देणार नाही, त्या न्यूयॉर्कच्या मुलालाही नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत क्रॉयडनहून एक चाचणीची मेल निघाली आणि सुमारे ८,४०,००० जणांकडे गेली. तपासात असं निघालं की यादी करणाऱ्याच्या मनात सगळा देश नव्हता, सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रणेतल्या खोटीमुळे त्या यादीत सगळे आले. लाखो परिचारिका आणि डॉक्टर सकाळी सकाळी त्या मेलची उत्तरं झेलत बसले. अशा प्रत्येक वेळी लोक बटण दाबणाऱ्याचं नाव शोधतात. यादी उघडी कुणी ठेवली, हे कुणी विचारत नाही. मी काकांना विचारलं होतं की एवढ्या मोठ्या याद्यांची दारं आधीपासूनच बंद का नसतात. त्यांनी आमच्या यादीच्या मालकाचं नाव काढून दाखवलं. ते गृहस्थ कंपनी सोडून गेले होते. कंपनी दोनशे माणसांची असताना त्यांनी ती यादी बनवली होती. तेव्हा कुणी सर्वांना उत्तर दिलं की लोक वाचत असत, आणि दुपारी जेवताना त्यावर बोलत असत. नंतर कंपनी वाढत गेली, यादी आपोआप फुगत गेली, दार होतं तसंच राहिलं. काकांनी मालकाच्या जागी स्वतःचं नाव घातलं.

वादळानंतर काही आठवड्यांनी त्यांच्याकडे एक मेल आली. दीर्घ रजेवरून परतलेल्या कुणीतरी साचलेल्या शेकडो मेली जुन्याकडून नव्याकडे वाचायला घेतल्या होत्या, आणि चौथ्या-पाचव्या मेलपाशी तिचा संयम सुटला होता. सर्वांना लिहिता आलं नाही, दार बंद होतं, म्हणून तिने मालकाला लिहिलं: कृपया मला या यादीतून काढावं. काकांनी तिला उलट टपाली, एकटीला कळवलं की विनंती मिळाली, पण यादी सर्व कर्मचाऱ्यांची असल्यामुळे तिच्यातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग आहे, आणि त्याचा अर्ज मनुष्यबळ खात्याकडे करावा लागतो. तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं. तिने विचारलं होतं, कॉफीचं यंत्र सुरू झालं का?